व्याजाच्या दाखल्याचं दुसरं पान

आखातात, अल क्वोजमधल्या बस-दुरुस्तीच्या एका कारखान्यात, हत्यारांच्या खिडकीशी, खैरुद्दीन परकार सत्तावीस वर्षं बसले. पाना हवा असेल तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीवर ठेवायचा आणि पाना घ्यायचा. पाना परत आला की बिल्ला परत. मालकाचा मुलगा आला तरी बिल्ल्याशिवाय त्याला साधी पकडही मिळत नसे. एकदा त्याने बिल्ला आणला नव्हता तेव्हा खैरूभाईंनी त्याचं घड्याळ ठेवून घेतलं आणि पकड परत आल्यावर ते फडक्याने पुसून दिलं. कोणी त्यांना चिक्कू म्हणे, कोणी हाजीसाहेब. हजला ते अजून गेलेले नव्हते. पण जाणार होते, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

गाव खेडजवळचं. खेडच्या बाजारात त्यांचा एक दुकानगाळा होता, तो त्यांनी औषधविक्रीच्या एका कंपनीला भाड्याने दिला होता. मालक परदेशात राहतो म्हणून कंपनी नियमाने भाड्यातून मोठा कर कापून घेई. वर्षाचं एकूण भारतातलं उत्पन्न कराच्या पायरीखालीच असल्यामुळे तो कर परत मिळे, पण त्यासाठी दरवर्षी आयकराचं रिटर्न भरावं लागे. आणि रिटर्न भरायचं म्हणजे बँकेकडून व्याजाचा दाखला हवा.

हा दाखला खैरूभाईंना आणखी एका कारणाने हवा असे. व्याज त्यांना चालत नसे. भाडं अनिवासी भारतीयांच्या ज्या एनआरओ खात्यात जमा होई ते बचत खातं, आणि बचत खात्यावर बँक व्याज देणारच. नको म्हणून ते थांबत नाही. म्हणून दाखल्यावरचा आकडा ते डायरीत लिहीत आणि तेवढी रक्कम, वर एक रुपया नाही की खाली एक रुपया नाही, कोणा अडलेल्याला देऊन टाकत. ते दान नव्हे, असं ते म्हणत. दानाचं पुण्य मागायचं असतं, हे फक्त घराबाहेर काढायचं असतं.

हे सगळं करून देणारा माणूस म्हणजे प्रकाश खातू. त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर अकाउंट्स सांभाळणारे, मूळचे चिपळूणचे, पत्नी अनुपमासह ऊद मेथाला राहणारे. खेड आणि चिपळूण यांत डोंगर किती नि नद्या किती, यावर दोघांचं चोवीस वर्षं भांडण चाललेलं. खैरूभाईंचे वडील वारले त्या दिवशी खातूंनी तीन तासांत सुटी, पासपोर्ट आणि तिकीट हातात ठेवून त्यांना विमानतळावर सोडलं होतं. खैरूभाईंच्या मुलीला, अलिनाला, सहावीपासून गणित त्यांनीच शिकवलं. ती पुढे अकाउंटंट झाली, तर तिच्या आईने, हमीदाभाभींनी, पहिल्या पगाराची मिठाई आधी ऊद मेथाला पाठवली, मग नातेवाइकांकडे.

खैरूभाईंना तेव्हा ईमेल नव्हता, म्हणून बँकेत खातूंचा ईमेल नोंदवलेला होता. फोन नंबर मात्र त्यांचा स्वतःचा. वर्षातून काही वेळा वरच्या मजल्यावरून फोन येई, "खैरू, ओटीपी आलाय बघ," आणि खैरूभाई चष्मा लावून सहा आकडे एकेक करून वाचून दाखवत. जुलैमध्ये खातू खाली येऊन खिडकीतून एक कागद सरकवत. त्यावर बँकेचं नाव, आर्थिक वर्ष आणि बचत खात्याचं व्याज.

"एवढंच ना?" खैरूभाई विचारत.

"एवढंच."

बरीच वर्षं हा आकडा दहा-बारा हजारांच्या घरात असे. मग एका वर्षी तो एकदम दोन हजारांवर आला आणि पुढे आणखी घसरला. खैरूभाईंनी विचारलं तेव्हा खातू म्हणाले होते की बँकांनी दर फार उतरवलेत. खैरूभाईंना बरंच वाटलं. जितकं कमी येईल तितकं कमी काढावं लागेल.

यंदा डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. हजचा अर्ज भारतातून भरला होता, खेडच्या पत्त्यावर, आणि ऑगस्टात दोघांचा नंबर लागल्याचा निरोप आला. पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा होता. तो भाड्याच्या खात्यातूनच द्यायचा, हे त्यांनी आधीपासून ठरवलं होतं. वाडवडिलांच्या जागेचं भाडं, त्यात कोणाचा घाम बुडवलेला नाही. हमीदाभाभींनी त्या दिवशी शीरखुर्मा केला, ईद नसताना.

रिटर्नची मुदत यंदा पंधरा सप्टेंबरपर्यंत वाढली होती. खातू डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेले होते आणि डॉक्टरांनी त्यांना महिनाभर स्क्रीनकडे बघू नका म्हणून बजावलं होतं. फोनवर ते म्हणाले, "घाई करू नकोस, मी आल्यावर बघतो." पण आजारी माणसाला कशाला त्रास, असं खैरूभाईंना वाटलं. घरात अकाउंटंट मुलगी होती. शुक्रवारी दुपारी, इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या लहानशा हॉलमध्ये, अलिनाने लॅपटॉप उघडला. खैरूभाईंनी पाकिटातून नेटबँकिंगच्या पासवर्डची चिठ्ठी काढली, ओटीपी वाचून दाखवला. इंटरेस्ट सर्टिफिकेट, आर्थिक वर्ष चोवीस-पंचवीस, डाउनलोड. फाइल उघडायला जन्मतारीख लागली.

"फर्स्ट जून," अलिना टाइप करत म्हणाली. "अब्बा, तुमच्या पिढीतले सगळे एक जूनलाच कसे जन्मले?"

"मास्तरांना सोयीचं पडायचं."

ती हसली आणि मग स्क्रीनकडे झुकली. फाइलला दोन पानं होती. पहिल्यावर बचत खातं, व्याज एक हजार चारशे बारा. दुसऱ्यावर मुदत ठेवी, एकाखाली एक सात नंबर, सगळ्यांचं मिळून व्याज एकाहत्तर हजार सहाशे चाळीस, आणि त्यावर बँकेने कापलेला बावीस हजारांवर कर.

"अब्बा, तुमच्या एफडी आहेत?"

"नाहीत."

"देअर आर सेव्हन."

खैरूभाई म्हणाले की दुसऱ्या कोणाचं पान चुकून आलं असेल, बँकेला कळव. अलिनाने आयकराच्या पोर्टलवर जाऊन वार्षिक माहितीपत्रक काढलं. सरकारकडे त्यांच्या पॅनवर बँकेने हेच दोन्ही आकडे कळवले होते. मग तिने मागच्या वर्षीचं भरलेलं रिटर्न उघडलं. त्यातही दोन्ही आकडे होते, नीट, ज्याच्या त्याच्या रकान्यात. म्हणजे ज्याने रिटर्न भरलं त्याला ठेवींची माहिती होती.

तिने बापाला समजावून सांगितलं. याला ऑटो स्वीप म्हणतात. बचत खात्यात पन्नास हजार ठेवून वरचे सगळे पैसे बँक आपोआप मुदत ठेवीत टाकते. कोणीतरी ही सोय चालू करायला सांगितलेली असते. सहा आकडे वाचून दाखवले की ती चालू होते.

तिने नेटबँकिंगवर मिळतील तेवढे जुने दाखले उतरवले. पाच वर्षांचे मिळाले. पाचही दोन-दोन पानांचे.

खैरूभाई उठून डायरी घेऊन आले. त्यांच्या डायरीतला प्रत्येक आकडा पहिल्या पानावरच्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळत होता. यंदाचा कागद आला नव्हता; आधीची चारही वर्षं त्यांनी तपासली, परत एकदा तपासली. चूक असती तर बरं झालं असतं. चुकून राहिलेलं पान एखाद्या वर्षी राहतं. वर्षानुवर्षं राहत नाही.

"खातूकाकांनी पैसे घेतलेले नाहीत, अब्बा," अलिना हळूच म्हणाली. "एव्हरीथिंग इज देअर. उलट वाढलेत."

"ते मला दिसतंय," खैरूभाई म्हणाले.

त्या रात्रीचं त्यांचं जेवण राहिलं. हमीदाभाभींना त्यांनी एवढंच सांगितलं की हप्ता खेडच्या खात्यातून भरायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी इथल्या पगाराच्या पैशातून दोघांचा हप्ता पाठवला, तेरा हजार दिरहॅम, म्हणजे तीन लाखांवर रुपये. डिसेंबरात गावी घराला रंग काढायचा होता, तो राहिला. पण तेवढ्याने सुटका नव्हती. खात्यात जे मिसळलं होतं ते शेवटच्या रुपयापर्यंत वेगळं काढायला हवं होतं, आणि त्यासाठी ही सोय कधी सुरू झाली हे कळायला हवं होतं. पाच वर्षांमागचे दाखले आणि खात्याचा उतारा ऑनलाइन मिळत नव्हता. अलिनाने बँकेला लिहिलं. दोन दिवसांनी नम्र उत्तर आलं: ही विनंती खात्याला नोंदवलेल्या ईमेलवरूनच यायला हवी. ईमेल बदलायचा असेल तर सहीचा अर्ज, पासपोर्टची प्रत, आणि पडताळणीला वेळ लागेल.

म्हणजे ज्याने पान लपवलं त्याच्याकडेच पान मागायला जाणं भाग होतं.

खातू ऑगस्टच्या अखेरीस परतले. खैरूभाई ऊद मेथाला गेले ते फोन न करता. अनुपमावहिनींनी दार उघडलं, नेहमीसारखं "आलात, बरं झालं, कंटाळलेत घरी बसून," म्हणून चहा टाकायला आत गेल्या. खातू काळा चष्मा लावून सोफ्यावर बसले होते. डोळ्याची चौकशी झाली. पुण्यातल्या डॉक्टरांची फी दिरहॅममध्ये किती होते ते खातूंनी सांगितलं. मग खैरूभाईंनी दुसरं पान काढून टीपॉयवर ठेवलं.

खातूंना ते वाचायची गरज पडली नाही. त्यांनी चष्मा काढला.

"अलिनाने काढलं वाटतं," ते म्हणाले. "मी तुला थांब म्हटलं होतं."

"किती वर्षं?"

"दोन हजार सोळापासून."

खातूंनी मग सगळं सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत. हिशेब सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम झाला. पैसा नुसता पडून होता, महागाई तो खात होती. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी किती येणार ते दोघांनाही माहीत. निवृत्तीनंतर गावी जाऊन हा माणूस खाणार काय, ही काळजी त्यांना होती. कर त्यांनी दरवर्षी पूर्ण दाखवला, कापलेला परतही मिळवला, तो खात्यातच पडला. एक पैसा इकडचा तिकडे नाही. निवृत्तीच्या दिवशी ते सगळे कागद एकदम पुढे ठेवणार होते. नऊ वर्षांचं मिळून चार लाख चाळीस हजारांच्या आसपास.

"अठरा हजार दिरहॅम झाले खैरू, फुकटचे," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच केलं ना?"

"माझ्यासाठी केलंस. मला विचारून नाही."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

खातूंना आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं असावं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"तुम्ही यांना सांगितलं नव्हतंत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "मला तर म्हणाला होतात, खैरूभाईंनीच करायला सांगितलंय."

चहा तिथेच राहिला.

खैरूभाईंना रागापेक्षा दुसरंच काही होत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे तो जुलैचा कागद येत होता. दोन पानांची फाइल छापायची, दुसरं पान बाजूला ठेवायचं, पहिलं घेऊन जिना उतरायचा. वाटेत वेल्डिंगवाल्याशी बोलायचं, खिडकीशी यायचं. आठ वेळा. आणि आठ वेळा "एवढंच" म्हणायचं, डोळ्यांत बघून.

"मी दरसाल तुला विचारायचो," ते म्हणाले. "एवढंच ना, म्हणून. तू मनात हसायचास?"

"नाही रे," खातू म्हणाले. त्यांच्या नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते डोळ्याचं की आणखी कशाचं, सांगता आलं नसतं. "हसलो नाही कधी. मला वाटायचं, हा एवढा सरळ माणूस, याचं कोणीतरी बघायला हवं."

"बघायला हवं, म्हणे. मी लहान मूल होतो काय?"

मग त्यांनी कामाचं सांगितलं. नोंदवलेल्या ईमेलवरून बँकेला लिही. सोळा-सतरा ते एकोणीस-वीस, चार वर्षांचे व्याजाचे दाखले आणि खात्याचे पूर्ण उतारे. आणि ते जसे येतील तसे, सगळ्या पानांसकट, अलिनाला पाठव. खातूंना स्क्रीन बघायची मनाई होती. वहिनींनी फोन घेतला, नवऱ्याच्या ईमेलमधून ते पत्र स्वतः लिहिलं आणि वाचून दाखवलं. "सर्व पानांसह" हे शब्द त्यांनी आपण होऊन घातले.

कागद आठवड्याने आले. अलिनाने तक्ता केला: वर्ष, बचतीचं व्याज, ठेवींचं व्याज, कापलेला कर, परत आलेला कर. खैरूभाई शेजारी बसून उतारा ओळ अन् ओळ वाचत होते. फेब्रुवारी एकोणीसवर त्यांचं बोट थांबलं.

त्या महिन्यात गावच्या मशिदीच्या वजूखान्याचं, नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेचं, काम निघालं होतं. खैरूभाईंनी आपल्या आईच्या नावाने तीन लाखांचा धनादेश दिला होता. पुढच्या सुटीत गेले तेव्हा नव्या नळांखाली म्हातारी माणसं पाय धूत होती आणि जाता-येता त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होती. उताऱ्यावर धनादेशाच्या वरची ओळ अशी होती: स्वीप ठेव मोडली, मुद्दल आणि व्याज खात्यात वर्ग. व्याज चौदा हजार सातशे बारा. त्याच दिवशी, त्याच खात्यातून, मशिदीकडे.

"अब्बा, इट्स मिक्स्ड," अलिना म्हणाली. "खात्यात तुमचेही पैसे होते. कुठला रुपया कुठे गेला ते कोणालाच सांगता येणार नाही."

"तेच," खैरूभाई म्हणाले. "आता कोणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी डायरी मिटली. हप्ता वेगळा काढता आला, ठेवी मोडता येतील, व्याज देऊन टाकता येईल. पण त्या नळाखाली सहा वर्षं लोकांनी हातपाय धुतले होते. आईच्या नावाने. मशीद सांभाळणाऱ्या जमातीच्या मंडळींना त्यांनी पत्र लिहून झालं ते कळवलं आणि चौदा हजार सातशे बारा रुपये आपल्या पगारातून पुन्हा पाठवले. पत्रात खातूंचं नाव त्यांनी घातलं नाही. "माझ्या नजरचुकीने" असं लिहिलं. सत्तावीस वर्षांत ज्यांच्या खिडकीतून एक पाना हरवला नव्हता त्या माणसाने नजरचूक हा शब्द लिहायला बराच वेळ घेतला.

स्वीप बंद झाला. ठेवी मोडल्या. नऊ वर्षांचं व्याज, कर कापून आलेलं आणि मग परत मिळालेलं, सगळं मिळून रत्नागिरीच्या एका रुग्णालयात डायलिसिसच्या गरीब पेशंटांसाठी गेलं, देणाऱ्याचं नाव न लावता. रिटर्न अलिनाने दहा सप्टेंबरला भरलं. बचतीचं व्याज, ठेवींचं व्याज, भाडं, सगळं माहितीपत्रकाशी ताडून. शेवटी ओटीपी आला तेव्हा तिने फोन बापाच्या हातात दिला आणि तो कशासाठी आहे हे आधी वाचून दाखवलं. त्यांनी मगच सहा आकडे सांगितले. बँकेतला ईमेल बदलायचा अर्जही गेला.

कारखान्यात दोघं रोज भेटत होते. खातू वरून खाली येत, खिडकीशी थांबत, डोंगर आणि नद्यांचा विषय काढून बघत. खैरूभाई उत्तर देत, पण भांडत नसत.

हजला जाणाऱ्याने निघण्याआधी सगळ्यांकडे जाऊन माफी मागायची असते. कहासुना माफ करा, म्हणायचं. आणि आपल्या मनात कोणाबद्दल काही असेल तर तेही सोडायचं. ओझं घेऊन तिथे जायचं नसतं. डिसेंबरात निवृत्तीच्या दिवशी खैरूभाईंनी हे आधीच उरकायला घेतलं, कारण पुढे हे सगळे कुठे भेटणार. वेल्डर, रंगारी, मालकाचा मुलगा, गेटवरचा पठाण. प्रत्येकाचा हात हातात घेऊन ते म्हणाले, आणि प्रत्येकाने "भाई, तुमचीच माफी" म्हणून हात दाबला.

सगळ्यांत शेवटी ते जिना चढून वर गेले. खातू उभे राहिले.

"प्रकाश, चोवीस वर्षांत माझ्याकडून काही उणंअधिक बोललं गेलं असेल, तर माफ कर."

"काही नाही रे. काहीच नाही." खातूंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "आणि तू? तू मला केलंस माफ?"

खैरूभाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. खोटं बोलायला ती जागा नव्हती, आणि हजला निघायची वेळही अजून आली नव्हती.

"पाच महिने आहेत अजून," ते म्हणाले. "मी रोज दुआत मागतोय, ते जमावं म्हणून."

खातूंनी मान हलवली. मग दोघं मिळून खाली आले, कारण गेटवर गाडी थांबली होती आणि खैरूभाईंची पेटी एकट्याला उचलण्यासारखी नव्हती.